चौलला उतरायचं होतं, रिमाइंडर वाजला रेवदंड्यात! जिओफेन्सिंग नेमकं कुठे चुकतं?

समजा, तुम्ही अलिबागहून रेवदंड्याची एसटी पकडली आहे. घरी आईची बीपीची गोळी संपली आहे आणि ती चौल नाक्यावरच्या मेडिकलमधून घ्यायची आहे. विसरू नये म्हणून फोनमध्ये 'चौल नाक्यावर पोहोचल्यावर आठवण कर' असा रिमाइंडर लावलाय. आक्षी गेलं, नागाव गेलं, चौलही गेलं. फोन वाजला तो रेवदंड्यात उतरताना.

फोन बिघडलेला नाही. तो असाच चालतो.

या सोयीला जिओफेन्सिंग म्हणतात. नकाशावर एक जागा निवडायची आणि तिच्याभोवती वर्तुळ आखायचं. फोन त्या वर्तुळात शिरला की रिमाइंडर वाजतो. पण यासाठी फोन जीपीएस सतत चालू ठेवत नाही, नाहीतर दुपारपर्यंत बॅटरी संपेल. तो अधूनमधून मोबाइल टॉवर आणि आसपासच्या वायफायवरून आपली जागा ताडून पाहतो. अँड्रॉइडवर अ‍ॅप बंद असताना वर्तुळात शिरल्याचं कळायला सरासरी दोन-तीन मिनिटं लागतात. फोन बराच वेळ एकाच जागी पडून असेल, तर सहा मिनिटंही.

आता एसटीचा हिशोब करू. वर्तुळाची त्रिज्या १०० मीटर, म्हणजे आरपार अंतर २०० मीटर. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी ते साधारण १८ सेकंदांत ओलांडते. फोन दोन मिनिटांनी बघतो, तोवर गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त पुढे गेलेली असते. तेवढ्यात वर्तुळ आलं आणि गेलं. फोनला पत्ताच नाही.

त्यात गावाकडची आणखी एक अडचण. मुंबईत इमारतीगणिक वायफाय असतं, त्यामुळे फोनला आपली जागा २० ते ५० मीटरच्या फरकाने कळते. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर तेवढं वायफाय नसतं. मग फक्त टॉवरचा आधार उरतो आणि चूक काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणूनच अँड्रॉइडच्या सूचनांमध्ये किमान १०० ते १५० मीटर त्रिज्या सुचवली आहे आणि ग्रामीण भागात ती आणखी मोठी ठेवा असं म्हटलं आहे.

मग चौलभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ आखायचं का? तसं केलं तर रेवदंडाही त्यात येईल आणि परतीच्या वाटेवर फोन भलत्याच ठिकाणी वाजेल. माझ्या मते सोपा उपाय वेगळा आहे: वर्तुळ चौलवर नको, आधीच्या नागाववर आखा. एक किलोमीटर त्रिज्या ठेवली, तर त्याच वेगाने ते ओलांडायला तीन मिनिटं लागतात. फोन थोडा उशिरा जागा झाला तरी नाका यायचा असतो. मजकूर मात्र 'पुढे चौल, गोळ्या घे' असा लिहा. (नागावच्या बीचवर फिरायला गेलात तरी तो वाजेल, तेवढं सोसावं लागेल.)

जिथे थांबायचंच आहे, तिथे एवढी कसरत नको. रामेश्वर मंदिरात अर्धा तास बसणार असाल, तर २००-३०० मीटरचं वर्तुळ पुरतं. काही मिनिटं उशीर झाला तरी तुम्ही तिथेच असता.

वाजलाच नाही तर?

उशिरा वाजला तर दोष अचूकतेचा किंवा वेगाचा. अजिबात वाजला नाही तर आधी परवानगी तपासा. अँड्रॉइड १० पासून अ‍ॅप बंद असताना लोकेशन वापरायला वेगळी परवानगी लागते. अँड्रॉइड ११ पासून तर समोर येणाऱ्या चौकटीत हा पर्यायच दिसत नाही, सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागतो: Settings, Apps, तुमचं अ‍ॅप, Permissions, Location आणि तिथे Allow all the time. त्याच पानावर Use precise location चालू हवं. ते बंद असेल तर अ‍ॅपला फक्त अंदाजे जागा मिळते आणि एवढ्या लहान वर्तुळासाठी ती निरुपयोगी. आयफोनवर बाहेरून घेतलेल्या अ‍ॅपसाठी Always आणि Precise Location हे पर्याय बघा.

गणपतीला आणि मग थेट शिमग्याला गावी जाणाऱ्यांची फसगत इथेच होते. अ‍ॅप काही महिने उघडलंच नाही, तर नवे अँड्रॉइड फोन त्याची परवानगी आपोआप काढून घेतात. रिमाइंडर यादीत तसाच दिसतो, पण वाजत नाही. फोन रीस्टार्ट केल्यावरही वर्तुळं पुसली जातात आणि अ‍ॅपला ती पुन्हा नोंदवावी लागतात. काही अ‍ॅप हे आपणहून करतात, काही करत नाहीत. सेटिंगमधून Force stop केलं असेल, तर अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत काहीच होणार नाही.

त्यामुळे निघायच्या दिवशी अ‍ॅप एकदा उघडा, परवानगी बघा आणि घराबाहेरच्या चौकात एक चाचणी रिमाइंडर लावून पायी जाऊन या. पाच-सहा मिनिटं तिथे थांबूनही वाजला नाही, तर एसटीत वाजायची आशा नको. आणि गोळीसारखी गोष्ट असेल तर सोबत वेळेचा साधा अलार्मही लावा. त्याला ना टॉवर लागतो, ना लोकेशनची परवानगी.