‘एकहि’ आणि ‘सातहि’

पावसाळ्यांत भोगावती नदी फुगली म्हणजे राधानगरीच्या धरणाची वार्ता कोल्हापुरांत घरोघर विचारली जाते. शाहू छत्रपतींनीं हातीं घेतलेल्या या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत, आणि त्यांविषयीं दोन प्रकारचीं वाक्यें कानीं पडतात: ‘सातहि दरवाजे उघडले’ किंवा ‘एकहि दरवाजा उघडला नाहीं.’ आतां दुसऱ्या वाक्यांतील ‘नाहीं’ काढून पाहावें. ‘एकहि दरवाजा उघडला’ हें वाक्य मराठी माणसाच्या तोंडून निघावयाचें नाहीं. पहिल्या वाक्यांत मात्र निषेधाची गरज मुळींच भासत नाहीं. ‘हि’ हें अव्यय दोहोंकडे तेंच असतां हा भेद कां पडावा, या प्रश्नाचा इतिहास गेल्या साठ वर्षांतील भाषाशास्त्राचा एक उद्बोधक भाग आहे.

निषेधावांचून न येणाऱ्या अशा शब्दांस आपण निषेधापेक्षी शब्द म्हणूं. इंग्रजींतील अशा शब्दांचा विस्तृत विचार एडवर्ड क्लिमा यानें 1964 सालीं केला. त्यास असें दिसलें कीं, हे शब्द केवळ नकारासच चिकटून राहत नाहींत. मराठींतहि ‘एकहि दरवाजा उघडला तर भोंगा वाजवावा’ आणि ‘एकहि दरवाजा उघडण्यापूर्वीं गांवांना सूचना द्यावी’ हीं वाक्यें निर्दोष आहेत. त्यांत ‘नाहीं’ कोठें आहे? क्लिमानें अशा स्थळांस एक समान नांव दिलें, परंतु त्यांचें सामान्य लक्षण त्यास अर्थावरून सांगतां आलें नाहीं.

तें लक्षण विल्यम लॅडुसॉ यानें 1979 सालच्या आपल्या प्रबंधांत सांगितलें. ‘तिसरा दरवाजा उघडला’ यावरून ‘दरवाजा उघडला’ हें निष्पन्न होतें; म्हणजे विशेषावरून सामान्याकडे जातां येतें. नकार येतांच ही वाट उलटते. ‘दरवाजा उघडला नाहीं’ हें खरें असेल तर ‘तिसरा दरवाजा उघडला नाहीं’ हेंहि खरेंच. ‘दरवाजा उघडला तर भोंगा वाजेल’ यावरूनहि ‘तिसरा उघडला तर भोंगा वाजेल’ हें निघतें. सामान्यावरून विशेषाकडे उतरणारें असें अनुमान, त्यास अधोगामी म्हणूं, जेथें चालतें तेथेंच निषेधापेक्षी शब्द राहतात, हा लॅडुसॉचा नियम. वाक्य तपासण्याची ही कसोटी कोणासहि घरीं वापरतां येईल.

तथापि हा नियम स्थळ सांगतो, कारण सांगत नाहीं. ‘एकहि’ लाच ही अट कां, आणि ‘सातहि’ ला कां नाहीं, याविषयीं तो मौन धरतो. शिवाय ‘एकहि दरवाजा उघडला का?’ हा प्रश्न सहज विचारतां येतो. पण प्रश्नांतून अधोगामी अनुमान काढावयाचें कसें?

कारणाचा शोध श्रेणीच्या दिशेनें झाला. जील फोकोनिये यानें 1975 सालींच या शब्दांचा संबंध श्रेणीच्या टोकांशीं जोडला होता, आणि उत्पल लाहिरी यानें 1998 सालीं हिंदीतील ‘एक भी’ ची फोड त्या दृष्टीनें केली. ती मराठीस जशीच्या तशी लागू पडते. ‘हि’ येथें असें सुचवितो कीं, सांगितलेली गोष्ट तिच्या जोडीच्या सर्व गोष्टींहून अधिक अनपेक्षित आहे. आतां दरवाजे एकापासून सातापर्यंत मोजा. तीन उघडले असतील तर निदान एक उघडलाच. म्हणून ‘एक उघडला’ ही गोष्ट ‘तीन उघडले’ याहून अधिक अनपेक्षित असूंच शकत नाहीं. ‘एक’ आणि ‘हि’ यांचें येथें भांडण होतें. नकार येतांच श्रेणी उलटी होते. ‘एक उघडला नाहीं’ यांत ‘तीन उघडले नाहींत’ हें सामावतें. तें सर्वांत बलवान विधान ठरतें आणि ‘हि’ ची मागणी पुरी होते. होकारांत बलवान टोक सातांचें. म्हणून ‘सातहि’ तेथें सुखानें नांदतो.

याच श्रेणीचा आणखी एक व्यापार आहे. ‘तीन दरवाजे उघडले’ असें ऐकतां आपण ‘चार नव्हेत’ असें समजतों. हा शब्दार्थ नसून सूचितार्थ होय. बोलणाऱ्यानें अधिक बलवान विधान टाळलें, त्यावरून आपण तो काढतों. परंतु ‘तीन दरवाजे उघडले तर भोंगा वाजेल’ हें ऐकून चार उघडल्यास भोंगा गप्प राहील, असें कोणी समजत नाहीं. जेथें ‘एकहि’ शोभतो, तेथेंच हा सूचितार्थ बहुधा मावळतो. जेनारो किएर्किया यानें 2013 सालच्या आपल्या ग्रंथांत या दोहोंच्या मुळाशीं पर्यायांची तुलना करणारी एकच यंत्रणा मानली आहे.

तरीहि कांहीं शिल्लक राहतेंच. ‘मुळींच’ हा शब्द ‘नाहीं’ सह चालतो, पण ‘दरवाजा मुळींच उघडला तर’ असें म्हणतां येत नाहीं, जरी ‘तर’ चें अनुमान अधोगामी आहे. म्हणजे निषेधापेक्षी शब्दांतहि कडक आणि सौम्य अशा जाती आहेत, आणि ‘एकहि’ साठीं दिलेलें उत्तर ‘मुळींच’ ला पुरत नाहीं. मात्र ‘एकहि’ पुरता निवाडा करतां येतो: लॅडुसॉचा नियम त्याची जागा दाखवितो, आणि ती जागा त्यास कां हवी, हें ‘एक’ आणि ‘हि’ या दोन अवयवांच्या अर्थांतून श्रेणीवादच उलगडून दाखवितो.