गर्दीतला नारा आणि न्यायालयाची सहावी अट

बंदिस्त आवाजाची भारतीय न्यायालयातली एक मोठी परीक्षा मुंबईच्या खटल्यात झाली. 'युसुफअली इस्माईल नागरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा तो खटला. महापालिकेच्या कारकुनाला लाच देऊ केल्याचा आरोप होता. घरातल्या खोलीत दोन माणसं बोलत होती, आतल्या खोलीत पोलीस दडून बसले होते आणि टेपरेकॉर्डर चालू होता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही टेप पुरावा म्हणून मान्य केली आणि घडलेल्या गोष्टीचं छायाचित्र असावं तशीच ही ध्वनिफीत आहे, असं म्हटलं.

बंद खोली आणि दोनच माणसं, त्यामुळे छायाचित्राची उपमा तिथे शोभली. पण रस्त्यावर शंभर माणसं एकदम ओरडत असतील तर? हा प्रश्न पुढे एका निवडणूक खटल्यात आला. हरियाणातल्या रेवाडी मतदारसंघाच्या त्या खटल्यात, 'राम सिंग विरुद्ध कर्नल राम सिंग', न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली यांनी ऑगस्ट १९८५ मध्ये ध्वनिफितीसाठी सहा अटी सांगितल्या. आवाज ओळखता यावा, फीत सीलबंद असावी, छेडछाड नसावी, वगैरे. त्यातली सहावी अट आपल्या कामाची आहे: बोलणाऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे, इतर आवाजांत आणि गोंगाटात तो हरवलेला किंवा बिघडलेला नसावा.

ही अट कायद्याच्या भाषेत असली तरी तिचं मूळ कानाच्या शास्त्रात आहे. १९५३ साली कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने अमेरिकेत एक प्रयोग केला. एकाच माणसाच्या आवाजातले दोन मजकूर त्याने एकमेकांवर चढवून लोकांना ऐकवले. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर लोक ते वेगळे करू शकले, पण कशाच्या जोरावर? वाक्यात पुढे काय येईल याचा अंदाज बांधून. मग त्याने गुळगुळीत, ठरावीक वाक्प्रचारांची माळ करून ती ऐकवली. तेव्हा लोकांना तुकडे ओळखू येत, पण कुठला तुकडा कुठल्या मजकुराचा हे सांगता येईना. मात्र दोन मजकूर दोन वेगळ्या कानांत दिले की काम सोपं होई.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, प्रत्यक्ष गर्दीत आपण दोन कानांनी दिशा पकडतो, पण मोबाईलवर तीच गर्दी बहुतेक वेळा एकाच बिंदूतून आलेली ऐकू येते. दोन, नारे म्हणजे ठरावीक वाक्प्रचारच. म्हणजे जिथे कान सर्वांत जास्त चुकतो, नेमका तोच मजकूर आपण चित्रफितीतून काढायला बसतो.

त्यात अंतराचा हिशेब धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ध्वनीचा दाब निम्मा होतो. मोबाईल धरलेल्या माणसाचं तोंड फोनपासून अर्ध्या मीटरवर आहे आणि नारा देणारा आठ मीटरवर. अर्ध्याचा एक, एकाचे दोन, मग चार, मग आठ: चार वेळा निम्मं. दोघे सारख्याच जोराने बोलले, तरी नारा देणाऱ्याचा आवाज फोनपर्यंत सोळाव्या हिश्श्याने पोचतो. जवळचा माणूस ओरडला की अनेक फोन ध्वनिमुद्रणाची पातळी आपोआप खाली आणतात आणि दूरचा आवाज आणखी दबतो. पुढे चित्रफीत व्हॉट्सॲपवरून फिरू लागते. फाईल लहान करताना मोठ्या आवाजाखाली झाकलेले बारीक आवाज टाकून दिले जातात. जे टाकलं गेलं ते त्या प्रतीतून कुठल्याही यंत्राने परत येत नाही. जनरेटरची घरघर एकसारखी असते, म्हणून ती बऱ्यापैकी गाळता येते. पण माणसाच्या आवाजावर दुसऱ्या माणसाचा आवाज चढला, तर गाळणी लावायची कशावर?

आता आपल्या राज्यातलं उदाहरण. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर पॉप्युलर फ्रंटच्या कार्यकर्त्यांनी छाप्यांविरुद्ध निदर्शनं केली. पोलीस त्यांना गाडीत घालत असतानाच्या चित्रफिती फिरल्या. त्यात 'पाकिस्तान जिंदाबाद'चे नारे आहेत, असा आरोप झाला. नारा 'पॉप्युलर फ्रंट जिंदाबाद' असा आहे, असं दुसऱ्या बाजूने आणि काही तथ्य-तपासणाऱ्यांनी म्हटलं. त्या संघटनेबद्दल तुमचं मत काहीही असो, इथे प्रश्न फक्त ऐकण्याचा आहे.

दोन्ही नारे 'प'ने सुरू होतात आणि 'जिंदाबाद'ने संपतात. फरक मधल्या भागात आहे. 'पाकिस्तान'मध्ये तीन ठोके आहेत, 'पॉप्युलर फ्रंट'मध्ये चार. 'पाकिस्तान'मधला 'स' हा उंच पट्टीतला बारीक सळसळाट असतो. दूरच्या, दाबलेल्या ध्वनीत सर्वांत आधी जातो तो हाच. म्हणून 'स' ऐकू आला नाही, एवढ्यावरून तो नव्हताच असं म्हणता येत नाही. उलट गर्दीत शेजारच्याच्या तोंडचा 'स' नेमका त्या जागी पडू शकतो. मग भरवसा ठोक्यांच्या मोजणीवर ठेवावा लागतो. पण पन्नास जण थोडे मागेपुढे ओरडत असतील तर ठोकेही एकमेकांत मिसळतात. उपाय एकच: वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या मूळ चित्रफिती मिळवायच्या, तोच क्षण शोधून त्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि एकेका नाऱ्याचा वेगळा निवाडा करायचा. एका ठिकाणी स्पष्ट ऐकू आलेला नारा दुसऱ्या ठिकाणच्या अस्पष्ट नाऱ्याचा पुरावा होत नाही.

याहून मोठा धोका चित्रफितीखाली लिहिलेल्या ओळीचा आहे. न्यूझीलंडमध्ये डेव्हिड बेन खटल्यात १९९४ च्या आपत्कालीन फोनकॉलमधल्या धापांमध्ये कबुलीचे शब्द आहेत, असा दावा अनेक वर्षांनी झाला. २००९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो भाग ज्युरीपुढे येऊ दिला नाही. ध्वनितज्ज्ञ हेलन फ्रेझर यांनी तोच तुकडा लोकांना ऐकवला. आधी काही न सांगता ऐकवला तेव्हा ते शब्द जवळपास कुणालाच ऐकू आले नाहीत. सुचवल्यावर मात्र अनेकांना ऐकू येऊ लागले. त्यात लबाडी नव्हती. अस्पष्ट ध्वनी आणि तयार वाक्य एकत्र मिळाले की मेंदू त्यांची सांगड घालतोच.

आपल्या जिल्ह्यालाही हे लागू आहे. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. अशा दिवशी मोबाईलवर निघालेल्या चित्रफिती उद्याच्या इतिहासाचे दप्तर असतात. त्या उतरवून घेणाऱ्याला मराठीचा एक स्वभाव माहीत हवा. आपला नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो: 'आम्ही फेकला' आणि 'आम्ही फेकला नाही', 'मारू' आणि 'मारू नका'. वाक्याच्या शेवटी आवाज उतरतो आणि नेमका तिथेच दुसरा माणूस बोलायला लागतो. गेला तो 'नाही' जातो, राहते ती कबुली. आमच्या दखनीत मात्र 'नक्को' पुष्कळदा एकटाच आणि ठासून येतो, म्हणून तो त्या मानाने वाचतो.

म्हणून उतरवणाऱ्याने मूळ फाईल घ्यावी, फिरून आलेली नव्हे. दोघांनी वेगवेगळं बसून, खालची ओळ न वाचता ऐकावं आणि मग कागद जुळवावेत. जिथे जुळणार नाही तिथे 'अस्पष्ट' असं लिहून वेळ नोंदवावी, अंदाजाचा शब्द घालू नये. कोरी जागा वाचणाऱ्याला खटकते खरी, पण चुकीचा शब्द कुणाला तरी तुरुंगात नेऊ शकतो. सहाव्या अटीमागचा अर्थ हाच आहे आणि तो न्यायालयाबाहेरही पाळायला हवा.