तापाची अट कशी सुटली

ओटीपोटात दुखणं, अंगात ताप आणि अंगावरून पिवळसर, वास येणारा स्राव. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की गर्भाशयाला आणि गर्भनलिकांना जंतुसंसर्गाने सूज आली असावी, असं डॉक्टर पूर्वीपासून मानत आले. हाच आजार आज ‘पीआयडी’ म्हणून ओळखला जातो. पण ही पारख कितपत खरी, हे पोट उघडल्याशिवाय पाहता येत नव्हतं.

ती सोय दुर्बिणीने केली. स्वीडनमधल्या लुंड इथे जेकबसन आणि लार्स वेस्ट्रम यांनी १९६० पासून अशा संशयित रुग्णांच्या गर्भनलिका लॅपरोस्कोपने प्रत्यक्ष पाहिल्या. ८१४ स्त्रियांचा हा अभ्यास १९६९ मध्ये छापून आला. त्यांपैकी सुमारे ६५ टक्के स्त्रियांनाच हा आजार होता. सुमारे २३ टक्के जणींच्या ओटीपोटात काहीच बिघाड नव्हता. उरलेल्यांना अपेंडिक्ससारखं दुसरंच दुखणं निघालं. आणखी एक गोष्ट कळली: आजार नक्की असलेल्यांपैकीही निम्म्याहून कमी जणींना ताप होता. म्हणजे तापाची वाट पाहिली, तर निम्म्याहून अधिक रुग्ण हातातून निसटणार.

निसटण्याची किंमत वेस्ट्रम यांच्याच पुढच्या पाहणीने दाखवली. सुजेनंतर नलिकेत व्रण राहतात आणि वाट बुजते. आजार एकदा झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांना त्यामुळे वंध्यत्व आलं, दोनदा झालेल्यांत सुमारे २० टक्के आणि तीनदा झालेल्यांत सुमारे ४० टक्के.

म्हणून नियम सैल केला गेला. अमेरिकेच्या सीडीसीच्या सूचनांनुसार संसर्गाचा धोका असलेल्या स्त्रीचं ओटीपोट दुखत असेल, दुसरं कारण सापडत नसेल आणि तपासताना गर्भाशयमुख हलवल्यावर, गर्भाशय दाबल्यावर किंवा त्याच्या बाजूला दाबल्यावर दुखत असेल, तर औषध सुरू करावं. तिन्हींपैकी एक खूण पुरते. ३८.३ अंशांवरचा ताप आणि स्राव निदानाला बळ देतात, पण ते असलेच पाहिजेत असं नाही. यात काही जणींना विनाकारण प्रतिजैविकं मिळतात, हे मान्य करूनच नियम केला आहे.

समजा, चोविशीतल्या विवाहितेचं चार दिवस ओटीपोट दुखतंय, स्राव वाढलाय, ताप नाही. डॉक्टर आधी गर्भधारणेची चाचणी करतील, कारण नलिकेतला गर्भही असाच दुखतो. चाचणी नकारात्मक आली आणि गर्भाशयमुख हलवताच ती कळवळली, तर उपचार त्याच दिवशी सुरू होतात: सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन आणि १४ दिवस डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडाझोल. तीन दिवसांत उतार पडला नाही, तर निदान पुन्हा तपासतात. नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर संसर्ग परत येतो.

ओटीपोट दुखतंय आणि स्राव बदललाय, एवढ्यावरच डॉक्टरांकडे जा. ताप येण्याची वाट पाहू नका. पाळी चुकली असेल, उलट्या होत असतील, चक्कर येत असेल किंवा कळ असह्य असेल, तर थेट रुग्णालय गाठा.