हाबेन की झाइन? 'ने'चा प्रश्न आणि जर्मन भूतकाळ

जर्मनचा पहिला वर्ग केलेल्या प्रत्येकाला हा नियम पाठ असतो: पूर्ण भूतकाळ करताना साधारणपणे 'हाबेन' घ्या, पण हालचाल किंवा अवस्थेतला बदल असेल तर 'झाइन' घ्या. हाबेन म्हणजे 'जवळ असणे', झाइन म्हणजे 'असणे'. 'मी गेलो' हे जर्मनमध्ये 'इश बिन गेगांगन' होतं, आणि 'मी केलं' हे 'इश हाबे गेमाख्ट'.

नियम सोपा वाटतो, पण प्रयोगवहीतल्या चार ओळी जर्मनमध्ये लिहायला घेतल्या की तो डळमळतो. तापमान 'वाढलं' हा बदलच आहे ना? मग त्यासाठीचं एक क्रियापद झाइन घेतं आणि दुसरं हाबेन का घेतं? पाणी उकळलं तेव्हा रेणूंची केवढी हालचाल झाली, तरी तिथे हाबेन कसं? याचं उत्तर 'हालचाल' या शब्दात सापडत नाही. ते या दोन रचना कशा तयार झाल्या, त्यात आहे. आणि मराठी बोलणाऱ्याला त्या उत्तराचा अर्धा भाग घरबसल्या माहीत असतो.

वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीसारख्या गावात, किंवा वऱ्हाडी बोलल्या जाणाऱ्या कुठल्याही गावात, ही दोन वाक्यं सहज कानावर पडतील: 'मी वावरात गेलो' आणि 'म्या भाकर खाल्ली'. पुण्याच्या प्रमाण मराठीत दोन्हीकडे 'मी'च येतो, त्यामुळे फरक दिसत नाही. वऱ्हाडीत तो उघडा आहे. जाणाऱ्याचा 'मी' होतो आणि खाणाऱ्याचा 'म्या'. हा 'म्या' संस्कृतच्या 'मया'शी, म्हणजे 'माझ्याकडून' या अर्थाच्या तृतीयेशी नातं सांगतो. प्रमाण मराठीत फरक पाहायचा असेल तर 'मी'च्या जागी 'तो' ठेवा: 'तो गेला', पण 'त्याने भाकरी खाल्ली'.

क्रियापदाकडेही बघा. 'गेलो' बोलणाऱ्याशी जुळतं, 'खाल्ली' मात्र भाकरीशी जुळते. याचं कारण असं की मराठीचा हा भूतकाळ मुळात क्रियापदच नव्हता, ते विशेषण होतं. संस्कृतमध्ये 'गत' म्हणजे गेलेला आणि 'कृत' म्हणजे केलेलं. त्यांची प्राकृत रूपं झिजली, त्यांना 'इल्ल' हा प्रत्यय जोडला गेला आणि 'गेला', 'केला' तयार झाले. विशेषण ज्याचं वर्णन करतं त्याच्याशी जुळणारच. जाण्यात बदलतो तो जाणारा, म्हणून 'गेला' हे त्याचं विशेषण. खाण्यात बदलते ती भाकरी, म्हणून 'खाल्ली' हे तिचं विशेषण. मग खाणाऱ्याला वाक्यात जागा द्यायची तर 'त्याच्याकडून' असं म्हणावं लागलं. आपला 'ने' हे काम करतो.

पाणिनीने हा फरक अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्रात नोंदवला आहे (3.4.72). 'गत', 'कृत' ही रूपं ज्या प्रत्ययाने होतात तो 'क्त' प्रत्यय एरवी कर्माबद्दल बोलतो. पण गती दाखवणारे धातू आणि कर्म न घेणारे धातू यांच्या बाबतीत तो कर्त्याबद्दलही बोलू शकतो, असं ते सूत्र सांगतं. जर्मनच्या वर्गात फळ्यावर लिहिला जाणारा 'हालचालीची क्रियापदं' हा गट इथे आधीच हजर आहे. पुढे त्याच सूत्रात झोपणे, उभे राहणे, बसणे, जन्मणे, उगवणे, जीर्ण होणे अशा अर्थांचे धातू वेगळे सांगितले आहेत. मात्र ही जर्मनसारखी 'अवस्थाबदलाची' यादी आहे असं समजू नका. परंपरा त्याचं वेगळं कारण देते: उपसर्ग लागल्यावर हे धातू कर्म घेऊ लागतात आणि 'कर्म न घेणारे' या गटातून बाहेर पडतात, म्हणून त्यांची नावं वेगळी घ्यावी लागली. दोन याद्या सारख्या दिसल्या म्हणजे त्यांची कारणंही सारखी, असं धरता येत नाही.

आता जर्मनकडे वळू. साधारण 830 च्या सुमारास फुल्डा इथल्या मठात एका लॅटिन शुभवर्तमान-संकलनाचं जुन्या जर्मनमध्ये भाषांतर झालं. ते 'टाटिआन' या नावाने ओळखलं जातं. त्यात अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे: कुणा एकाने आपल्या मळ्यात अंजिराचं झाड लावलं होतं. तिथे जर्मन वाक्याची बांधणी अशी आहे: एकाजवळ झाड होतं, लावलेलं. 'जवळ होतं' साठी हाबेन आहे, आणि 'लावलेलं' हे विशेषण लिंग, वचन, विभक्ती या तिन्हींत झाडाशी जुळतं, जशी आपली 'खाल्ली' भाकरीशी जुळते. मूळ लॅटिन वाक्याची बांधणीही अशीच आहे, त्यामुळे भाषांतरकाराने ती तशीच उचलली असणं शक्य आहे. एका उदाहरणावर फार मोठा डोलारा उभारू नये. तरी हाबेनची सुरुवात कशी असावी, ते यातून नीट दिसतं.

'जवळ असणे' म्हटलं की जवळ काहीतरी असावं लागतं. म्हणजे सुरुवातीला हाबेनला कर्म हवंच होतं. मग 'तो गेला' याचं काय? तिथे जवळ काहीच नाही. तिथे आहे फक्त जाणारा, आणि तो आता 'गेलेला' आहे. म्हणून साधं 'असणे' वापरलं: तो गेलेला आहे. झाइनची रचना इथून आली.

इथवर मराठी आणि जर्मन बरोबरीने चालतात. फाटा फुटतो तो तिसऱ्या गटापाशी. 'हसणे', 'झोपणे' यांत कर्म नाही, आणि क्रिया संपल्यावर कर्त्याची नवी अवस्थाही उरत नाही. हसून झाल्यावर माणूस होता तसाच असतो. मराठीने हा गट 'जाणे'च्या पंक्तीला बसवला: तो गेला, तसाच तो हसला. जर्मनमध्ये या गटाला पूर्ण भूतकाळाची रचना मिळायला वेळ लागला. हाबेनमधला 'जवळ असणे' हा अर्थ पुसट झाला, त्याला कर्माची गरज उरली नाही, आणि मग हा गट हाबेनकडे गेला. सेंट गालेनचा नोट्कर 1022 मध्ये वारला. त्याच्या लेखनात कर्म नसलेली अशी हाबेन-वाक्यं सापडतात. पुढे विशेषणाचं जुळणंही गळून पडलं. इंग्रजीत तर हा पसारा इतका वाढला की जाणं-येणंसुद्धा 'हॅव'ने गिळलं. जर्मन मधेच थांबली.

म्हणून रेघ कुठे आखायची, याचं उत्तर दोन भाषांत वेगळं आहे. मराठी रेघ आखते कर्म आहे की नाही यावर. जर्मनमध्ये तिच्या अलीकडे आणखी एक रेघ आहे: कर्म नसेल, तर कर्ता बदलून कुठे पोचला का?

आता प्रयोगवहीतली वाक्यं घेऊ. पहिलं वाक्य: 'मी बर्फ वितळवला.' ने चालतो (त्याने वितळवला), कर्म आहे, म्हणून हाबेन: 'इश हाबे दास आइस गेश्मोल्त्सन'. दुसरं: 'बर्फ वितळला.' कर्म नाही. बर्फाची अवस्था बदलली का? हो, आता तो 'वितळलेला बर्फ' आहे. म्हणून झाइन: 'दास आइस इस्ट गेश्मोल्त्सन'. जर्मन क्रियापद तेच आहे, सहायक मात्र बदललं. मराठीने हाच फरक 'वितळणे' आणि 'वितळवणे' असा दाखवला.

तिसरं: 'पाणी दहा मिनिटं उकळलं.' कर्म नाही, आणि इथे फक्त चालू असलेली क्रिया सांगितली आहे. पाणी कुठल्या नव्या अवस्थेत पोचलं ते वाक्य सांगत नाही. म्हणून हाबेन: 'दास वासर हाट गेकोख्ट'. चौथं: 'पाणी आटून गेलं.' आता शेवट गाठला, म्हणून झाइन: 'दास वासर इस्ट फेरडाम्फ्ट'. मराठीतलं ते 'गेलं' लक्षात ठेवा. 'झोपलो' आणि 'झोपी गेलो' यांतही हाच फरक आहे. जर्मनमध्ये पहिल्याला हाबेन (गेश्लाफन) आणि दुसऱ्याला झाइन (आइनगेश्लाफन) लागतं.

पाचवं: 'साका तयार झाला.' हा तर स्पष्ट बदल आहे, पण जर्मनमध्ये इथे 'स्वतःला घडवणे' असं क्रियापद येतं आणि 'झिश', म्हणजे 'स्वतःला', हे त्याचं कर्म असतं. कर्म आलं की हाबेन.

सहावं: 'तापमान वाढलं.' 'श्टायगन' (चढणे) घेतलं तर झाइन: 'इस्ट गेश्टीगन'. 'त्सूनेमन' घेतलं तर हाबेन: 'हाट त्सूगेनोमन'. अर्थ जवळजवळ तोच आहे, पण 'त्सूनेमन'च्या पोटात 'नेमन', म्हणजे 'घेणे', आहे. घेणे कर्म मागतं, आणि त्याचं हाबेन या जोडशब्दाबरोबर आलं. 'आनफांगन' म्हणजे सुरू होणे. त्यात 'पकडणे' लपलेलं आहे, आणि तेही हाबेन घेतं. बदल दिसतो पण हाबेन लागतं, असं कुठे अडलं तर आधी क्रियापद फोडून आत काय आहे ते बघा.

आपला 'ने' कुठे फसवतो तेही सांगायला हवं. मराठीत 'करणे' आणि 'मारणे' जोडून क्रियापदं बनतात आणि ती 'ने' ओढून आणतात. 'त्याने प्रवास केला', 'त्याने उडी मारली'. यावरून हाबेन लावलं की चूक ठरते. जर्मनमध्ये प्रवास करणे आणि उडी मारणे हे एकेका शब्दाचं काम आहे, त्यात कर्म नाही, म्हणून दोन्हींना झाइन. उलट बाजूला 'तो मराठी शिकला', 'तो नाव विसरला' यांत कर्म असून 'ने' नाही. जर्मनमध्ये इथे हाबेनच येतं. म्हणून 'ने'कडे खूण म्हणून बघा, पण निर्णय जर्मन क्रियापदाला कर्म आहे का यावर घ्या.

हालचालीच्या क्रियापदांतही हाच क्रम चालतो. 'मी पुण्याला गाडीने गेलो' याला झाइन आणि 'मी गाडी चालवली' याला हाबेन लागतं, जरी जर्मनमध्ये दोन्हीकडे 'फारन' हेच क्रियापद असलं तरी. 'तासभर नाचलो' याला हाबेन, पण 'नाचत सभागृहाच्या पलीकडे गेलो' याला झाइन, कारण आता ठिकाण बदललं.

दोन क्रियापदं या हिशेबात बसत नाहीत, ती पाठच करावी लागतात: खुद्द 'झाइन' आणि 'ब्लायबन' (राहणे). दोन्ही झाइन घेतात. 'उभं असणे', 'बसलेलं असणे', 'पडून असणे' यांना उत्तरेकडचे जर्मन हाबेन लावतात, तर बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये झाइन ऐकू येतं. व्हिएन्नाच्या सहकाऱ्याच्या ईमेलमध्ये 'बिन गेश्टान्डन' दिसलं तर ते दुरुस्त करायला जाऊ नका. तिकडची रेघ थोडी वेगळ्या जागी आहे, एवढंच.