हनोईच्या मनोऱ्यातील किमान चाली
फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी १८८३ साली ‘क्लाउस’ या टोपणनावाने हे कोडे पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले. तीन खुंट्यांपैकी एकीवर मोठ्यावर लहान अशा चकत्या रचलेल्या असतात. एका वेळी वरची एकच चकती हलवून, लहानीवर मोठी न ठेवता, सारा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यावयाचा असतो.

n चकत्यांस लागणाऱ्या किमान चाली T(n) मानू. सर्वांत मोठी चकती प्रथम हलते तेव्हा उरलेल्या सर्व चकत्या एकाच मोकळ्या खुंटीवर असल्याच पाहिजेत. त्यास निदान T(n−1) चाली लागतात. मोठीची निदान एक चाल, आणि तिच्या अखेरच्या चालीनंतर पुन्हा निदान T(n−1). याच क्रमाने तेवढ्या चालींत काम पुरेही होते. म्हणून

T(n) = 2T(n−1) + 1, T(0) = 0.

केवळ रीत सांगितल्याने ‘इतक्या चाली पुरतात’ एवढेच ठरते. ‘याहून कमी नाहीत’ हे पहिल्या युक्तिवादाने सिद्ध होते.

दोन्ही बाजूंत १ मिळविता T(n)+1 दर पायरीस दुप्पट होते, म्हणून

T(n) = 2^n − 1.

तीन चकत्यांस ७ चाली लागतात. कोड्याशी जोडलेल्या काशीच्या आख्यायिकेतील ६४ सुवर्णचकत्यांस, सेकंदास एक चाल धरल्यास, सुमारे ५८,००० कोटी वर्षे लागतील.

चौथी खुंटी येताच लहान चकत्या दोन खुंट्यांवर विभागता येतात आणि वरील युक्तिवाद कोसळतो. १९४१ साली फ्रेम व स्ट्युअर्ट यांनी सुचविलेल्या रीतीचे किमानत्व चार खुंट्यांपुरते बूश यांनी २०१४ साली सिद्ध केले.