खरूज

खरूज : सार्कॉप्टिस स्केबीआय या किडीमुळे होणारा संसर्गजन्य त्वचारोग. मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिमी. असते. ती त्वचेच्या वरच्या थरात बीळ कोरून रोज दोन-तीन अंडी घालते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर दिसणाऱ्या करड्या, नागमोडी बारीक रेषा म्हणजे हीच बिळे. किडे, अंडी व विष्ठा यांच्या वावड्यामुळे खाज सुटते व ती रात्री अंथरुणात वाढते.

पहिल्या लागणीत खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, पण तोवरही रोग पसरत असतो. घरात तो पसरतो तो यामुळेच. समजा, मौद्यातील एका घरात वसतिगृहातून सुटीवर आलेला मुलगा आजीजवळ झोपतो आणि तान्ही बहीण आजीच्या मांडीवर असते. मुलगा एकटाच खाजवतो, म्हणून मलम त्यालाच लावले जाते. महिन्याभराने आजी व बाळ खाजवू लागतात आणि बरा झालेला मुलगा पुन्हा बाधित होतो. या वेळी खाज काही दिवसांतच सुटते.

म्हणून खाज असो वा नसो, घरातील सर्वांनी एकाच रात्री उपचार घ्यावा. पर्मेथ्रिन ५% मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीही लावून ८ ते १४ तासांनी धुतात. आठवड्याभराने पुन्हा लावतात. तान्ह्या बाळासाठी व गरोदर स्त्रीसाठी डॉक्टरांना विचारावे. अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुवावेत. धुता न येणारे आठवडाभर पिशवीत बंद ठेवावेत. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते.