गाडीचोरीचा क्लेम ‘उशिरा कळवलं’ म्हणून फेटाळला? अपिलाच्या पत्रात काय लिहायचं

भिवंडी : गाडी चोरीला गेली की माणूस आधी पोलीस ठाणं गाठतो. विमा कंपनीची आठवण बऱ्याचदा महिन्याभराने होते. मग पत्र येतं, ‘अट क्रमांक 1 प्रमाणे तात्काळ कळवले नाही, सबब क्लेम नामंजूर.’ बरेच जण इथंच नाद सोडतात. पण कंपनीने ती अट अर्धीच वाचलेली असू शकते.

पॉलिसीच्या मागच्या पानांवर ‘कंडिशन्स’ असतात. त्यातल्या पहिल्या अटीत साधारणपणे दोन गोष्टी असतात. अपघात, नुकसान झालं तर कंपनीला लगेच लेखी कळवा, ही पहिली. चोरीचं वाक्य वेगळं आहे. चोरी झाली तर पोलिसांना लगेच कळवा आणि गुन्हेगाराला शिक्षा व्हावी म्हणून कंपनीला सहकार्य करा.

नेमका हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर 28 ऑक्टोबर 2010 रोजी चोरीला गेला. एफआयआर त्याच दिवशी झाला, कंपनीकडे क्लेम मात्र 15 डिसेंबरला गेला. ‘गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स’ या खटल्यात 24 जानेवारी 2020 रोजी तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. चोरीत ‘तात्काळ’ हे पोलिसांना कळवण्यासाठी आहे. एफआयआर वेळेत असेल आणि तपासात चोरी खरी निघाली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही.

आता समजा, भिवंडीतला टेम्पो रात्री गोदामाबाहेरून गेला, सकाळी एफआयआर झाला आणि कंपनीला 40 दिवसांनी कळवलं. मग पत्रात रडगाणं नको, मुद्दा असा मांडायचा :

‘आपण दि. … च्या पत्राने क्लेम क्र. … उशिराच्या कारणावरून नाकारला. अट 1 मधील चोरीबाबतचे वाक्य पोलिसांना तात्काळ कळविण्यास सांगते. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी गुन्हा नोंदविला आहे. आपण अपघाताचा भाग चोरीला लावला आहे. वरील निकाल पाहून क्लेम मंजूर करावा.’

अटीचं वाक्य पॉलिसीत आहे तसंच, शब्द न बदलता उतरवा. सोबत एफआयआर, नकाराचं पत्र आणि पोलिसांचा ‘तपास लागला नाही’ असा अंतिम अहवाल जोडा. हा अहवाल नसेल तर चोरी खरी होती हे पटवणं अवघड जातं.

एफआयआरच आठवड्याने केला असेल तर हा मुद्दा लंगडा पडतो. चावी गाडीतच ठेवली म्हणून क्लेम फेटाळला असेल, तर तिथं दुसरी अट लागते, हे पत्र चालत नाही.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. महिन्यात उत्तर नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालांकडे फुकट तक्रार करता येते. त्यासाठी कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाची मुदत असते. भिवंडीला कोणतं कार्यालय लागतं ते cioins.co.in वर दिसतं.